मोजा ‘एम’वर, आरसा ‘आर’वर: वस्तू शोधून इंग्रजी आवाज ओळखण्याचा खेळ फसतोय

पाऊलवाट

मुलगी साडेपाच वर्षांची आहे, केजीत. घरी पूर्ण मराठी. शाळेत फोनिक्स सुरू झालंय आणि बाईंनी घरी खेळायला एक खेळ सांगितलाय. अक्षरांची कार्डं जमिनीवर मांडायची, मुलाने घरातल्या वस्तू आणायच्या आणि वस्तूचं नाव ज्या आवाजाने सुरू होतं त्या कार्डावर ठेवायच्या.

रविवारी मी सव्वीसच्या सव्वीस कार्डं मांडली आणि टोपलीत ३० वस्तू भरून दिल्या. पाऊण तासाने ती रडायला लागली. मोजून पाहिलं तर ३० पैकी ११ बरोबर. बाकीच्यांचा काही मेळच लागत नाही. मोजा ‘एम’वर. आरसा ‘आर’वर. चमचा ‘एच’वर. डबा ‘डब्ल्यू’वर. हातातलं घड्याळ मी स्वतः “वॉच” म्हणून दिलं, तर ते ‘वाय’वर. साबण मात्र ‘एस’वर, तो बरोबर. बूट ‘बी’वर ठेवले, तिथे ‘शू’ हवं होतं ना?

अक्षरं तिला सगळी ओळखू येतात, गाणं तोंडपाठ आहे. मग हे असं का होतंय? तिला आवाज ऐकूच येत नाहीत का, अशी भीती वाटायला लागली आहे.

श्रीकांत_दा

घाबरू नका. सोपा उपाय सांगतो. प्रत्येक वस्तूवर इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवा, ठळक अक्षरात. मूल चिठ्ठीवरचं पहिलं अक्षर बघेल आणि त्या कार्डावर ठेवेल. आमच्या नातवाकडून असंच करून घेतलं, दोन दिवसांत एकही चूक नाही. पाहून पाहून शब्दही पाठ होतात.

निशिगंध

कार्डं कुठली वापरताय? आम्ही लॅमिनेट केलेली घेतली होती, ती चकाकतात आणि मुलाला तिरक्या उजेडात अक्षर दिसत नाही. शिवाय अक्षर गिरवायला खडबडीत हवं. वाळूचा कागद कापून चिकटवला तर बोट फिरवता येतं. माझ्या मुलाची पेन्सिलची पकड त्यामुळेच सुधारली.

पाऊलवाट

निशिगंध, लिहिण्याचा प्रश्न सध्या नाहीये हो, ऐकण्याचा आहे. पण वाळूच्या कागदाचं लक्षात ठेवते.

मेघना_बालवर्ग

पाऊलवाट, मी चौदा वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते आहे. तुमची यादी वाचून मला आधी बरं वाटलं. तुमच्या मुलीचा कान छान तयार आहे. तिने ज्या चुका केल्या त्यातली एकही अंदाधुंद नाही.

एकेक बघा. मोज्याला ती ‘मोजा’च म्हणते. मोजा म्हटल्यावर पहिला आवाज म्, आणि तो तिने बरोबर ‘एम’वर ठेवला. तुमच्या डोक्यात ‘सॉक’ होतं, तिच्या डोक्यात मोजा. बुटांचंही तसंच. बूट हा शब्द ब्-नेच सुरू होतो आणि इंग्रजीतही तो आहे, त्यामुळे ‘बी’ पूर्ण बरोबर. तिथे तुम्ही तिचा एक गुण उगाच कापलात. उलट साबण ‘एस’वर गेला यावरून काहीच कळत नाही, कारण साबण आणि सोप दोन्ही स्-ने सुरू होतात. ती कुठल्या भाषेत विचार करत होती ते त्या वस्तूवरून समजणार नाही.

दुसरा गठ्ठा वेगळा आहे. डबा ‘डब्ल्यू’वर, वॉच ‘वाय’वर, चमचा ‘एच’वर. इथे ती अक्षराच्या आवाजाकडे नाही, नावाकडे जाते आहे. ‘डब्ल्यू’ हे नाव मोठ्याने म्हणा, सुरुवातीला ड् ऐकू येतो. ‘वाय’च्या सुरुवातीला व्. चमच्यातला च् तिला सव्वीस नावांमध्ये फक्त ‘एच’च्या शेवटी सापडला, म्हणून चमचा तिथे. आरशाचं तर विचारूच नका, ‘आर’ हे नाव त्या शब्दात जसंच्या तसं बसलंय. गाणं तोंडपाठ असलेली मुलं हे हमखास करतात. गाण्यात अक्षरांची नावं असतात, आवाज नसतात.

म्हणजे तिला दोन गोष्टी कुणी स्पष्ट सांगितलेल्या नाहीत. आज कुठल्या भाषेतलं नाव घ्यायचं, आणि कार्डाला काय म्हणायचं.

एक विनंती. पुढच्या वेळी वस्तू ठेवताना ती तोंडाने काय पुटपुटते ते ऐका. चुकीच्या कार्डावर ठेवली की “चूक” म्हणण्याआधी “हे काय आहे गं?” एवढंच विचारा. तिच्या उत्तरातच सगळं असतं.

श्रीकांतदादा, चिठ्ठ्यांचा उपयोग आहे, पण तो नंतर, वाचायला लागल्यावर. आत्ता चिठ्ठी लावली तर मूल चित्र जुळवल्यासारखं अक्षराला अक्षर जुळवतं. कान बंद ठेवूनही हा खेळ जिंकता येतो. तुमच्या नातवाची एकही चूक झाली नाही त्याचं कारण बहुधा हेच. चिठ्ठी काढून विचारून बघा. आणि चिठ्ठी कधीकधी फसवते. ‘शू’ लिहिताना पहिलं अक्षर ‘एस’ येतं पण ऐकू येतो श्. ‘चेअर’ला ‘सी’ येतं, ऐकू येतो च्. ‘नाइफ’ तर ‘के’ने लिहितात. अशा वस्तू टोपलीतूनच काढून टाका, त्यांची वेळ पुढे येते.

पाऊलवाट

वाचताना अंगावर काटा आला. आत्ता तिला मोजा दाखवून विचारलं, “हे काय?” तर म्हणाली, “मोजा. म्-म्-मोजा.” आणि माझ्याकडे बघत राहिली, की आता तरी बरोबर म्हण. फार वाईट वाटलं.

मग नेमकं कसं खेळायचं ते सांगाल का? किती कार्डं, किती वस्तू?

मेघना_बालवर्ग

सांगते. दोन कार्डं. फक्त दोन. पहिल्या दिवशी ‘एस’ आणि ‘एम’ घ्या. हे दोनच का, तर दोन्ही आवाज ताणता येतात. स्स्स्स, म्म्म्म, श्वास संपेपर्यंत. ताणता आला की मुलाला तो शब्दातून वेगळा काढता येतो. प्, ट्, ब्, क् ताणता येत नाहीत, तोंडातून फुटतात आणि संपतात, म्हणून ते नंतर. शिवाय स् आणि म् कानाला एकमेकांपासून लांब आहेत. ‘एम’ आणि ‘एन’ एकत्र कधी देऊ नका, ते ऐकायलाही जवळ आणि दिसायलाही. ‘बी’ आणि ‘डी’ची छोटी अक्षरंही तशीच.

वस्तू आठ. स्-साठी सॉक, सोप, स्पंज. म्-साठी मग, मॅट, मास्क. आणि दोन अशा ज्या कुठेच बसत नाहीत, समजा बॉल आणि टॉवेल. या दोन फार महत्त्वाच्या आहेत. कुठेच न बसणारी वस्तू नसेल तर मूल ‘हे नाही तर ते’ असं करून अर्ध्या वस्तू नशिबाने बरोबर ठेवतं आणि आपल्याला वाटतं आलं. त्यांच्यासाठी बाजूला एक रिकामा ट्रे ठेवा.

कार्डं मांडण्याआधी आठही वस्तूंची इंग्रजी नावं एकदा घ्या. तुम्ही म्हणा, तिने म्हणावं. “मोज्याला इंग्रजीत सॉक म्हणतात, आज आपण इंग्रजी नाव घेऊन खेळतोय” हे सरळ मराठीत सांगा. जी वस्तू तिला इंग्रजीत आठवत नाही ती त्या दिवशी काढून ठेवा. नवा शब्द शिकणं आणि नवा आवाज शिकणं एकाच वेळी झेपत नाही.

मग कार्डाची ओळख. अक्षराचं नाव घ्यायचं नाही. कार्डावर बोट ठेवून “हा म्हणतो म्म्म्म” एवढंच. आता एक वस्तू उचलायची, नाव ताणून म्हणायचं, म्म्म्मॅट, आणि मॅट आधी एका कार्डाजवळ नेऊन, मग दुसऱ्याजवळ नेऊन बघायची. “स्स्स्मॅट? छे. म्म्म्मॅट? हो.” हे तुम्ही दोनदा करून दाखवा, पुढच्या सहा तिच्या.

या आठ वस्तू जमल्यावरच तिला उठू द्या आणि खोलीत म् शोधायला पाठवा. पाच मिनिटं, फार तर सात. तिचा उत्साह शिल्लक असतानाच थांबा. बरोबर किती ते तिच्यासमोर मोजू नका. तुम्ही मनात ठेवा. आठपैकी सात वस्तू दोन वेगवेगळ्या दिवशी न अडखळता आल्या की मी नवं कार्ड आणते.

घरात धाकटं मूल असेल तर टोपलीत बटण, मणी, नाणी नकोत. टॉयलेट पेपरच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू नये.

श्रीकांत_दा

मेघनाताई, नातवाच्या चिठ्ठ्या काल काढल्या. तुमचं खरं निघालं. पेन, पेन्सिल सोडून काही सांगता आलं नाही.

पण एक शंका आहे. तुम्ही म्म्म्, स्स्स् लिहिताय. त्यापेक्षा सरळ ‘म’, ‘स’, ‘ट’ म्हटलं तर काय बिघडतं? आपली मुलं मुळाक्षरं तशीच म्हणतात, तोंडात बसलेली असतात. मी स्वतः बत्तीस वर्षं शिकवलंय, मोठ्या वर्गांना. एम म्हणजे म, टी म्हणजे ट, याने कुणाचं अडलेलं पाहिलं नाही.

मेघना_बालवर्ग

दादा, मोठ्या वर्गात आलेली मुलं तो टप्पा कसाबसा ओलांडून आलेली असतात, म्हणून तिथे दिसत नाही. अडतं ते जोडताना. नातवाला तीन कार्डं लावून ‘मॅट’ वाचायला सांगा. ‘म’ शिकलेलं मूल म्हणतं म, अॅ, ट. भरभर म्हटलं तरी ते ‘मअॅट’च्या जवळ जातं. प्रत्येक व्यंजनाच्या शेपटीला लागलेला ‘अ’ मधे येतो आणि शब्द ओळखीचा वाटतच नाही. म् अॅ ट् म्हटलं की आपोआप मॅट होतं.

आपली सोय अशी की आपल्याकडे पाय मोडायची पद्धत आहे. पालकांना मी कागदावर ‘म’ आणि ‘म्’ शेजारी लिहून दाखवते, एका मिनिटात कळतं. म्हणताना हनुवटीखाली हाताची पाठ धरा. प् म्हणताना हनुवटी जवळजवळ हलत नाही, ‘प’ म्हटलं की खाली येते. स्वतः आरशासमोर दोन-चार दिवस सराव केल्याशिवाय मुलासमोर बसू नये असं माझं ठाम मत आहे. ब्, ड्, ग् मध्ये ‘अ’ची किंचित छटा येणारच, ती पूर्ण पुसता येत नाही. फक्त ताणायचा नाही.

तेजस_बाबा

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मुलगा सव्वाचार वर्षांचा. तो कपला ‘तप’ म्हणतो, कारला ‘तार’. काल हा खेळ खेळलो तर कप उचलला, “त् त् तप” म्हणाला आणि ‘टी’च्या कार्डावर ठेवला. हे चूक धरायचं की बरोबर?

मेघना_बालवर्ग

तेजस, त्याला नाव घ्यायला लावू नका, तुम्ही घ्या. तो गप्प राहून फक्त ठेवेल. तुम्ही “क् क् कप” म्हटल्यावर त्याने क्-च्या कार्डावर ठेवला तर कान ठीक आहे, जीभ मागे पडली आहे. तुमच्या तोंडून ऐकूनही ‘टी’वरच ठेवला तर दोन आवाज त्याला एकच वाटताहेत असं समजा. दोन्हीपैकी काहीही असलं तरी, चार वर्षं उलटल्यावर क्-चा त् टिकून असेल तर एकदा वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. ते इथे बसून सांगण्याचं काम नाही.

आणि ‘के’ व ‘सी’ ही दोन्ही कार्डं एकमेकांना चिकटवून एकच करा. कप, कॅप, की, काइट सगळं त्या जोडीवर. कुठलं अक्षर कुठे लिहायचं ते ऐकून कळत नाही, त्यामुळे या खेळात ते विचारणंच अन्यायाचं आहे.

तेजस_बाबा

तुम्ही म्हणालात तसं केलं. मी म्हटल्यावर पाचपैकी तीनदा क्-वर ठेवला, दोनदा टी-वर. यातून काय घ्यायचं कळलं नाही. तपासणीची वेळ घेतली आहे.

पाऊलवाट

दहा दिवसांनी लिहिते आहे. पहिल्या दिवशी आठपैकी पाच. सॉक हातात घेऊन ती थबकली, ओठ ‘मो’साठी मिटले, मग स्वतःच म्हणाली, “नाही, इंग्रजी. स्स्सॉक.” मी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी आठच्या आठ. बॉल तिने ट्रेमध्ये ठेवला आणि सांगितलं, “याचं घर आज आलं नाही.”

मग तिने विचारलं, “पण मोजा कुठे ठेवू?” त्यामुळे आता आम्ही दोन फेऱ्या करतो. आधी मराठी फेरी, त्यात मोजा म्-कडे जातो. मग इंग्रजी फेरी, त्यात तोच मोजा उचलून स्-कडे न्यायचा. ही नेण्याची फेरी तिला सगळ्यात आवडते. मेघनाताई, हे चालेल ना? गोंधळ तर वाढणार नाही?

आता ‘एस’, ‘एम’, ‘टी’, ‘पी’ झालेत. ‘ए’वर अडलोय. अॅ-ने सुरू होणारी वस्तूच घरात सापडत नाही. एक अॅपल, संपलं.

मेघना_बालवर्ग

चालेल काय, मी उद्यापासून माझ्या वर्गात घेते आहे हे. पहिला आवाज सुटा काढणं ही गोष्ट ती मराठीत आधीच करत होती, तेच कौशल्य उचलून इंग्रजीत न्यायचं आहे. फक्त दर वेळी कुठली फेरी चालू आहे ते आधी सांगा.

स्वरांसाठी खेळ बदला. सुरुवात सोडा, मधला आवाज घ्या. इंग्रजीतले छोटे स्वर शब्दांच्या पोटात असतात. मॅट, कॅप, बॅग एका बाजूला, मग, कप, ब्रश दुसऱ्या बाजूला. ‘ए’ म्हणतो अॅ, ‘यू’ म्हणतो अ. शब्द म्हणताना मधला भाग ताणायचा, कअॅऽऽप आणि कऽऽप. हे सुरुवातीच्या आवाजापेक्षा बरंच अवघड असतं. माझ्या वर्गात बहुतेकांना याला दोन-तीन आठवडे लागतात. त्यात ‘ई’ लगेच घालू नका, पेन आणि पॅनमध्ये मोठी माणसंही गडबडतात.

इंग्लंडच्या सरकारने २००७ मध्ये शाळांसाठी ‘लेटर्स अँड साउंड्स’ नावाचा कार्यक्रम काढला, त्यात अक्षरांची सुरुवात ‘एस, ए, टी, पी’ या क्रमाने आहे, मग ‘आय, एन, एम, डी’. तो क्रम यासाठी, की एवढ्यातच सॅट, पॅन, टिन, मॅप असे शब्द तयार होतात. तुमच्याकडे ‘ए’ आला की कार्डं सरकवून मॅट आणि मॅप वाचून बघा.

निशिगंध

मी पहिल्या प्रतिसादात भलतंच लिहिलं होतं, आता सगळा धागा वाचला. एक विचारते. ‘एक्स’साठी काय ठेवायचं? आमच्या तक्त्यावर एक्स-रे आहे.

मेघना_बालवर्ग

एक्स-रे नको, त्यात अक्षराचं नावच ऐकू येतं. ‘एक्स’चा आवाज क्स्, आणि तो शेवटी शोधा. बॉक्स, सिक्स. बस.

श्रीकांत_दा

आणि ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’? आपल्याला दोन्ही व. नातू व्हॅन आणि वॉच एकाच कार्डावर ठेवतो आणि मला त्यात चूक दिसत नाही, कारण मीही तसंच म्हणतो.

मेघना_बालवर्ग

यावर माझं आणि माझ्या सहकारी ताईंचं अजून जमलेलं नाही. त्या म्हणतात, आरसा देऊन लगेच शिकवा. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घूं करायचं, ‘डब्ल्यू’ला दात न लावता ओठांचा चंबू. मुलांना ते बघायला आवडतं आणि ओठ दिसत असल्यामुळे जमतंही. मी म्हणते, ज्या मुलाच्या आसपास कुणीच तो फरक बोलत नाही त्याला कार्डावर मात्र तो मागायचा, हे केजीत घाईचं आहे. मी ‘के-सी’सारखं दोन्ही एकत्र चिकटवते आणि पुढच्या वर्षासाठी ठेवते. पण त्यांच्या वर्गातल्या काही मुलांनी खरंच दोन्ही वेगळे ठेवले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

श्रीकांत_दा

आरसा आणतो. आधी मला जमतं का बघतो.

पाऊलवाट

आज संध्याकाळी ‘मॅट’ची तीन कार्डं लावली. तिने एकेकावर बोट ठेवलं. म्म्म्. अॅऽ. ट्. मग पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणताना मधेच थांबली आणि उठून दाराकडे धावली, पायपुसणं ओढत आणलं आणि कार्डांवर टाकलं.